एक आम्ल, दोन दर्शक : सोड्याच्या मिश्रणाचे अनुमापन

धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. दोन्ही पांढरे आहेत, दोन्ही पाण्यात विरघळतात आणि दोन्हींवर आम्ल टाकले की फसफसतात. एकत्र मिसळल्यावर डोळ्यांनी, चवीने किंवा स्पर्शाने त्यांचे प्रमाण सांगता येत नाही. असे मिश्रण काही दुर्मीळ नाही. पापडखारात हे दोन्ही क्षार असतात. धुण्याचा सोडा दमट हवेत उघडा राहिला, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा काही भाग बायकार्बोनेट होतो. उलट, खाण्याचा सोडा तापवला की त्याचे कार्बोनेट होते. निसर्गातही ही जोडी भेटते. केनियातील मगाडी सरोवरात आणि अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील खाणींत मिळणाऱ्या ‘ट्रोना’ या खनिजात दोन्ही क्षार ठरावीक प्रमाणात बांधलेले असतात, आणि बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातही दोन्ही विरघळलेले आहेत.

मिश्रणात कोणता क्षार किती, हे शोधण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे ठाऊक तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन करणे. ब्युरेटमधून आम्ल थेंबथेंब सोडायचे आणि रंग बदलेपर्यंत किती लागले ते मोजायचे. मात्र एकच दर्शक वापरला, तर दोन्ही क्षारांना मिळून किती आम्ल लागले एवढेच कळते. वाटणी कळत नाही. नमुना शुद्ध असता, म्हणजे त्यात या दोन क्षारांखेरीज काहीच नसते, तर वजन आणि एकूण आम्ल या दोन आकड्यांवरून हिशेब मांडता आला असता. प्रत्यक्षात नमुन्यात ओल असते, मीठ असते, कधी मातीही असते. म्हणून वजनावर विसंबून न राहता आम्लाचेच दोन स्वतंत्र आकडे मिळवावे लागतात. ते एकाच पात्रात, एकाच ब्युरेटने, दोन दर्शकांच्या मदतीने मिळतात.

हे शक्य होते, कारण कार्बोनेट आम्लाशी एका झटक्यात नव्हे, तर दोन पायऱ्यांनी संयोग पावते. पहिल्या पायरीत त्याचे बायकार्बोनेट होते :

Na₂CO₃ + HCl → NaHCO₃ + NaCl

दुसऱ्या पायरीत ते बायकार्बोनेट आणखी आम्ल घेते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो :

NaHCO₃ + HCl → NaCl + H₂O + CO₂

पहिली पायरी जवळजवळ पूर्ण झाल्याशिवाय दुसरी फारशी सुरू होत नाही. मिश्रणात आधीपासून असलेले बायकार्बोनेट पहिल्या पायरीत स्वस्थ बसून राहते. ते आम्ल घेते ते दुसऱ्याच पायरीत, आणि त्या वेळी कार्बोनेटपासून नव्याने तयार झालेले बायकार्बोनेटही त्याच्या सोबत असते. या साध्या गोष्टीवर सगळी पद्धत उभी आहे. पहिल्या पायरीला लागलेले आम्ल फक्त कार्बोनेटचे माप देते. दुसऱ्या पायरीला लागलेल्या आम्लातून तेवढेच आम्ल वजा केले, की उरते ते मूळच्या बायकार्बोनेटचे माप.

पायरी संपली हे कळायचे कसे? द्रावणाच्या सामूवरून, म्हणजे पीएचवरून. अशा मिश्रणाचे द्रावण सुरुवातीला बरेच अल्कधर्मी असते आणि त्याचा सामू १० च्या आसपास असतो. पहिली पायरी संपते तेव्हा द्रावणात जवळजवळ निव्वळ बायकार्बोनेट उरते आणि सामू ८.३ वर येतो. दुसरी पायरी संपते तेव्हा पाण्यात मीठ आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड एवढेच असते. या वायूमुळे पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि सामू ४ च्या थोडा खाली उतरतो. फिनॉल्फ्थॅलीन हा दर्शक सामू १० च्या वर गडद गुलाबी असतो आणि ८.३ च्या सुमारास रंगहीन होतो. मिथिल ऑरेंज ४.४ च्या वर पिवळा आणि ३.१ च्या खाली लाल असतो, मधल्या पट्ट्यात तो नारिंगी दिसतो. एक दर्शक पहिल्या पायरीच्या शेवटी बदलतो, दुसरा दुसऱ्या पायरीच्या शेवटी.

या दोन रंगद्रव्यांचा दर्शक म्हणून वापर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवळपास एकाच सुमारास सुरू झाला. फिनॉल्फ्थॅलीन आडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये तयार केले आणि १८७७ मध्ये लुक यांनी ते अनुमापनासाठी सुचवले. पुढच्याच वर्षी गेऑर्ग लुंगे यांनी मिथिल ऑरेंज वापरात आणले. सोडा आणि गंधकाम्ल यांच्या उद्योगाशी लुंगे यांचा निकटचा संबंध होता. तोवर रूढ असलेला लिटमस कार्बन डायऑक्साइडनेही लाल होत असल्यामुळे सोड्याचे प्रत्येक अनुमापन उकळत्या द्रावणात करावे लागे. मिथिल ऑरेंजवर या दुबळ्या आम्लाचा परिणाम फारसा होत नाही, म्हणून काम थंड द्रावणात होऊ लागले. १८८१ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वॉर्डर यांनी फिनॉल्फ्थॅलीनने कार्बोनेटची अर्धी पायरी पकडता येते हे दाखवले. दोन दर्शकांच्या या पद्धतीला आजही वॉर्डर यांचे नाव जोडले जाते.

आता प्रत्यक्ष कृती. उदाहरणासाठी पापडखाराचा एक नमुना घेतला आहे. नमुना कोरडा करण्याच्या हेतूने तो ओव्हनमध्ये ठेवणे ही पहिली घोडचूक ठरते. बायकार्बोनेट ५० अंश सेल्सिअसच्या वर हळूहळू आणि १०० अंशांच्या आसपास झपाट्याने विघटन पावते आणि त्याचे कार्बोनेट होते. म्हणजे जे मोजायचे तेच मोजण्याआधी बदलून जाते. त्याच कारणाने गरम पाण्यात विरघळवणेही टाळायचे. पाणी डिस्टिल्ड घ्यायचे, पण तेही आधी उकळून आणि बंद बाटलीत थंड करून. साध्या डिस्टिल्ड पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि तो नमुन्यातल्या थोड्या कार्बोनेटचे बायकार्बोनेट करून टाकतो.

बारीक करून नीट कालवलेला नमुना २.५०० ग्रॅम अचूक तोलून घ्यायचा, २५० मिलिलिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये अशा थंड पाण्यात विरघळवायचा आणि पाणी खुणेपर्यंत भरायचे. फ्लास्कला लगेच बूच लावायचे. नमुना आधी नीट कालवणे महत्त्वाचे आहे, कारण पुडीत दोन्ही क्षारांचे कण वेगवेगळ्या आकाराचे असतील, तर वरच्या आणि तळच्या थरातले प्रमाण सारखे राहत नाही.

ब्युरेटमध्ये ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल भरायचे. हे आम्ल तोलून अचूक तीव्रतेचे करता येत नाही. म्हणून आधी २६० ते २७० अंशांवर तापवून पूर्ण कोरडे केलेले शुद्ध सोडियम कार्बोनेट तोलून घ्यायचे आणि त्याच्याशी अनुमापन करून आम्लाची नेमकी तीव्रता ठरवायची. नमुन्याला जी उष्णता घातक, तीच इथे उपयोगी पडते, कारण तिने त्या कार्बोनेटमध्ये बायकार्बोनेटचा अंशही उरत नाही. पुढच्या हिशेबात तीव्रता बरोबर ०.१००० मोलर निघाली असे धरले आहे.

पिपेटने नमुन्याच्या द्रावणातले २५ मिलिलिटर शंकुपात्रात काढायचे. त्यात २५० मिलिग्रॅम नमुना आला. त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकले की द्रावण गडद गुलाबी होते. मिथिल ऑरेंज या वेळी टाकायचे नाही, कारण त्याच्या पिवळ्या रंगात गुलाबीची शेवटची छटा हरवून जाते. फिनॉल्फ्थॅलीनचे तसे नाही. ते एकदा रंगहीन झाले की पुढच्या कामात कसलाही अडथळा आणत नाही. दर्शकांचा क्रम म्हणूनच ठरलेला आहे.

आम्ल सोडायला सुरुवात केल्यावर बराच वेळ काहीच घडत नाही असे वाटते. मग गुलाबी रंग फिकट व्हायला लागतो, आणि इथेच या प्रयोगाचा खरा कस लागतो. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क यांच्या अनुमापनात एका थेंबासरशी सामू कित्येक अंकांनी कोसळतो आणि रंग झटकन जातो. इथे तसे होत नाही. बायकार्बोनेट स्वतःच सामूतला बदल शोषून घेते. वरच्या नमुन्यात पहिल्या पायरीच्या शेवटाजवळ आम्लाच्या एका थेंबाने, म्हणजे साधारण ०.०५ मिलिलिटरने, सामू ०.०५ इतकाही बदलत नाही. त्यामुळे गुलाबी रंग जात नाही, तो विरत जातो. गुलाबीची फिकट गुलाबी, फिकटाची जेमतेम जाणवणारी छटा, मग ‘आहे की नाही’ अशी छटा, आणि शेवटी पाण्यासारखे स्वच्छ द्रावण. या दरम्यान चार-पाच थेंब सहज पडून जातात. यांतला नेमका कोणता थेंब शेवटचा मानायचा, हे दोन माणसे वेगवेगळे ठरवू शकतात.

यावर एक जुना आणि चांगला उपाय आहे. शेजारी तशाच आकाराच्या शंकुपात्रात शुद्ध सोडियम बायकार्बोनेटचे ताजे, साधारण ०.०५ मोलर द्रावण ठेवायचे आणि त्यातही फिनॉल्फ्थॅलीनचे तेवढेच दोन थेंब टाकायचे. पहिल्या पायरीच्या शेवटी नमुन्यात बायकार्बोनेटच उरणार असते, तेव्हा त्याचा रंग या शेजारच्या द्रावणाशी जुळला पाहिजे. हे द्रावण पूर्ण रंगहीन नसते, त्यात गुलाबीची अगदी पुसट झाक असते. याचा अर्थ, रंग पूर्ण जाईपर्यंत आम्ल टाकत राहणारा माणूस थोडा पुढे निघून गेलेला असतो. थेंब मोजून टाकण्यालाही अर्थ आहे. फिनॉल्फ्थॅलीनला रंगाची एकच बाजू आहे, दुसरी रंगहीन. त्यामुळे दर्शक जास्त पडला की गुलाबी झाक अधिक काळ दिसत राहते आणि अंतिम बिंदू पुढे सरकतो. दोन्ही पात्रांत दर्शक सारखा असेल तरच तुलना खरी ठरते. ज्या प्रयोगशाळेत थायमॉल ब्ल्यू आणि क्रेसॉल रेड यांचा मिश्र दर्शक असतो, तिथे काम आणखी सोपे होते. तो सामू ८.४ ला जांभळा असतो आणि ८.२ ला गुलाबीसर होतो. रंग विरताना पाहण्यापेक्षा एका रंगाचा दुसरा झालेला पाहणे डोळ्यांना जास्त सोयीचे जाते.

दुसरी काळजी आम्ल सोडण्याच्या वेगाची. आम्लाची धार लावली तर ती जिथे पडते तिथे क्षणभर आम्ल वाजवीपेक्षा जास्त होते. त्या जागी बायकार्बोनेट दुसरी पायरीही उतरते आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पात्र लगेच हलवले, तर हा वायू बाजूच्या कार्बोनेटशी संयोग पावतो, त्याचे पुन्हा बायकार्बोनेट होते आणि काहीच बिघडत नाही. पण वायू बुडबुड्याच्या रूपाने बाहेर पडला, तर तो कायमचा गेला. त्याला तयार करण्यात खर्ची पडलेले आम्ल मात्र पहिल्या पायरीच्या खात्यावर चढलेले असते. म्हणून पात्र बर्फाच्या पाण्यात थंड ठेवायचे, ब्युरेटचे टोक द्रावणाच्या अगदी जवळ आणायचे, आम्ल सावकाश सोडायचे आणि पात्र सतत पण हलक्या हाताने फिरवत राहायचे. खडखडून हलवल्यानेही वायू निसटतो. पहिल्या टप्प्यात एकही बुडबुडा दिसता कामा नये. दिसला, तर तो नमुना टाकून देऊन नवा पिपेट भरून घेणे शहाणपणाचे.

गुलाबी रंग शेजारच्या पात्राशी जुळला की ब्युरेटवरचा आकडा टिपायचा. उदाहरणातल्या नमुन्यात तो १२.४० मिलिलिटर आला. ब्युरेट पुन्हा भरायची गरज नाही. त्याच द्रावणात आता मिथिल ऑरेंजचे दोन-तीन थेंब टाकायचे. द्रावण पिवळे होते. आम्ल पुढे सोडत राहिले की लवकरच बुडबुडे येऊ लागतात, आणि या टप्प्यात ते यायलाच हवेत. इथे घाईने फार बिघडत नाही, कारण वायू गेला तरी त्याला लागलेले आम्ल मोजलेच जाते.

पिवळ्यात पहिल्यांदा नारिंगीची झलक दिसली की थांबायचे. विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे सामू आधीच ४ च्या आसपास रेंगाळत असतो, त्यामुळे ही पहिली झलक कधी कधी थोडी लवकर येते. पात्र दोन मिनिटे उकळवले की वायू निघून जातो, आणि द्रावण थंड केल्यावर पुन्हा पिवळे झालेले दिसते. मग आणखी एक-दोन थेंबांत नारिंगी रंग ठळक आणि टिकाऊ येतो. गरम द्रावणात मिथिल ऑरेंजचा रंग नीट वाचता येत नाही, म्हणून थंड करण्याची पायरी गाळायची नाही. उदाहरणात इथे ब्युरेटवरचा आकडा ३५.२० मिलिलिटर आला.

आता हिशेब. एकूण ३५.२० मिलिलिटर आम्ल लागले, त्यातले पहिले १२.४० पहिल्या पायरीला. म्हणजे दुसऱ्या पायरीला २२.८० मिलिलिटर लागले. या २२.८० पैकी १२.४० मिलिलिटर कार्बोनेटपासून तयार झालेल्या बायकार्बोनेटने घेतले, कारण जेवढे कार्बोनेट तेवढेच त्यापासून झालेले बायकार्बोनेट. उरलेले १०.४० मिलिलिटर नमुन्यातल्या मूळ बायकार्बोनेटचे.

०.१ मोलर आम्लाच्या एका मिलिलिटरमागे पहिल्या पायरीत १०.६ मिलिग्रॅम सोडियम कार्बोनेट आणि दुसऱ्या पायरीत ८.४ मिलिग्रॅम सोडियम बायकार्बोनेट संयोग पावते. हे आकडे दोन्ही क्षारांच्या रेणुभारांवरून येतात. कार्बोनेटचा रेणुभार १०६ आहे आणि बायकार्बोनेटचा ८४. त्यामुळे :

कार्बोनेट = १२.४० × १०.६ = १३१.४ मिलिग्रॅम

बायकार्बोनेट = १०.४० × ८.४ = ८७.४ मिलिग्रॅम

नमुना २५० मिलिग्रॅम होता, तेव्हा त्यात कार्बोनेट ५२.६ टक्के आणि बायकार्बोनेट ३४.९ टक्के आहे. उरलेले साडेबारा टक्के ना कार्बोनेट आहे ना बायकार्बोनेट. ते ओल असेल, मीठ असेल, आम्लाशी संयोग न पावणारे दुसरे काही असेल. एकच दर्शक वापरून आणि नमुना शुद्ध मानून हिशेब केला असता, तर हे साडेबारा टक्के दिसलेच नसते. ते दोन्ही क्षारांच्या आकड्यांत मिसळून गेले असते आणि दोन्ही आकडे चुकले असते.

सूत्राच्या रूपात सांगायचे तर फिनॉल्फ्थॅलीनचे वाचन V₁ आणि मिथिल ऑरेंजपर्यंतचे एकूण वाचन V₂ धरले, की कार्बोनेटचे माप V₁ आणि बायकार्बोनेटचे माप V₂ − 2V₁. या दुसऱ्या सूत्रातला दोनचा आकडा नीट पाहण्यासारखा आहे, कारण पद्धतीचा सगळा दुबळेपणा त्यात साठवला आहे. दुसरे वाचन स्पष्ट असते, ते सहसा चुकत नाही. पहिले वाचन, जिथे रंग विरत जातो तेच, चुकण्याची शक्यता असते. आणि त्याची चूक बायकार्बोनेटच्या हिशेबात दुप्पट होऊन उतरते, तीही उलट्या दिशेने.

वरच्याच नमुन्यात पहिला अंतिम बिंदू चार थेंबांनी, म्हणजे ०.२० मिलिलिटरने, उशिरा पकडला असे समजू. पहिले वाचन १२.६० होईल. एकूण वाचन ३५.२० च राहील, कारण एकूण अल्कतेत काही फरक पडलेला नाही. कार्बोनेट आता १३३.६ मिलिग्रॅम, म्हणजे ५३.४ टक्के येईल. बायकार्बोनेटसाठी ३५.२० मधून २५.२० वजा करून १०.०० मिलिलिटर उरतील, म्हणजे ८४ मिलिग्रॅम किंवा ३३.६ टक्के. कार्बोनेट पाऊण टक्क्याहून थोडे वाढले, तर बायकार्बोनेट सव्वा टक्क्याहून अधिक घटले. पापडखारासाठी हा फरक सहन होण्यासारखा आहे.

पण नमुन्यात बायकार्बोनेट अगदी थोडे असेल तेव्हा काय होते ते पाहू. समजा, जवळजवळ शुद्ध धुण्याच्या सोड्याचा नमुना आहे आणि खरी वाचने १७.०० व ३४.४० आहेत. बायकार्बोनेटचे माप ०.४० मिलिलिटर. इथे पहिले वाचन ०.२० ने जास्त घेतले गेले, तर ३४.४० वजा ३४.४० म्हणजे शून्य. बायकार्बोनेट अस्तित्वातच नाही असा निष्कर्ष निघेल. उलट दिशेला तेवढीच चूक झाली, तर ते खऱ्याच्या दुप्पट दिसेल. अशा वेळी प्रयोग तीनदा करून तिन्ही वाचने जुळली, तरी भरवसा ठेवता येत नाही. एकच माणूस एकाच सवयीने रंग पाहत असेल, तर त्याची चूकही तिन्ही वेळा सारखीच होते.

चूक कोणत्या दिशेची आहे हे कळायला कारणे माहीत असावी लागतात. घाईने आम्ल सोडल्यामुळे वायू निसटला, तर पहिले वाचन वाढते. दर्शकाचे थेंब जास्त पडले, तरीही वाढते. याउलट द्रावण उघडे राहून हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत राहिले, तर कार्बोनेटचे बायकार्बोनेट होत जाते आणि पहिले वाचन घटते. या दोन्ही प्रकारांत एकूण वाचन मात्र हलत नाही. प्रयोगशाळेत हे ओळखण्याची खूण सोपी आहे. सकाळी केलेल्या द्रावणाची वाचने आणि दुपारची वाचने ताडून पाहायची. एकूण वाचन तेच आणि पहिले वाचन उतरत चाललेले दिसले, तर फ्लास्कचे बूच नीट बसलेले नाही असे समजावे. एकूण वाचनच बदलत असेल, तर दोष दुसरीकडे शोधायचा : पिपेटमध्ये, आम्लाच्या तीव्रतेत किंवा ब्युरेटच्या टोकात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यात.

दोन वाचनांची आपसातली तुलना नमुन्याविषयी आणखीही बरेच सांगते. एकूण वाचन पहिल्याच्या बरोबर दुप्पट आले, तर नमुन्यात फक्त कार्बोनेट आहे. फिनॉल्फ्थॅलीन टाकल्यावर गुलाबी रंग आलाच नाही, किंवा नुसती पुसट झाक आली, तर फक्त बायकार्बोनेट. एकूण वाचन दुपटीहून जास्त असेल, तर दोन्ही आहेत. ते दुपटीहून कमी आले, तर मात्र गोष्ट वेगळी आहे. मग नमुन्यात बायकार्बोनेट नाही. कार्बोनेटबरोबर कॉस्टिक सोडा आहे आणि हिशेबाची सूत्रेच बदलतात. कॉस्टिक सोडा आणि बायकार्बोनेट एका द्रावणात नांदत नाहीत, ते एकमेकांशी संयोग पावून कार्बोनेट होतात. शुद्ध ट्रोनाचे वाचन तर विशेष देखणे असते. त्यात कार्बोनेटचा एक रेणू, बायकार्बोनेटचा एक रेणू आणि पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून एकूण वाचन पहिल्याच्या बरोबर तिप्पट येते. २२६ मिलिग्रॅम ट्रोना घेतले तर १०.०० आणि ३०.००.

या पद्धतीला एक अट पाळावी लागते. नमुन्यात आम्ल घेणारे तिसरे काही नसावे. मीठ किंवा सोडियम सल्फेट असेल तर चालते, ते आम्लाला दाद देत नाहीत. लोणारसारख्या खाऱ्या पाण्यातले मीठ म्हणूनच आड येत नाही. पण टाकणखार, फॉस्फेट किंवा सिलिकेट मिसळलेले असेल, तर तेही आम्ल घेतात आणि ते सगळे कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या खात्यावर चढते. कपडे धुण्याच्या पावडरींत यांतले काही बऱ्याचदा असते, म्हणून अशा पावडरीचे दोन दर्शकांनी काढलेले आकडे खरे मानू नयेत.

बायकार्बोनेट थोडे असेल किंवा पहिल्या वाचनाविषयी शंका असेल, तेव्हा क्लेमेन्स विंक्लर यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत कामी येते. जर्मेनियम हे मूलद्रव्य शोधणारे हेच विंक्लर. या पद्धतीत फिनॉल्फ्थॅलीनचा ८.३ चा निसरडा बिंदू टाळला जातो. नमुन्याच्या नव्या २५ मिलिलिटरमध्ये कॉस्टिक सोड्याचे मोजलेले द्रावण, बायकार्बोनेटला लागेल त्याहून जास्त, घालायचे. सगळ्या बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि काही कॉस्टिक सोडा शिल्लक राहतो. मग बेरियम क्लोराइडचे द्रावण भरपूर घालायचे. सगळे कार्बोनेट बेरियम कार्बोनेटच्या पांढऱ्या साक्याच्या रूपाने द्रावणातून बाहेर पडते. उरलेला कॉस्टिक सोडा फिनॉल्फ्थॅलीन वापरून आम्लाने मोजायचा. आता सामूला अडवून धरणारे बायकार्बोनेट द्रावणात नसल्यामुळे गुलाबी रंग एका थेंबासरशी जातो. आम्ल सावकाश सोडले तर साका गाळण्याचीही गरज नसते. घाई केली तर मात्र आम्ल साक्यालाच विरघळवू लागते. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी आहेत, म्हणून पिपेट तोंडाने ओढायचा नाही आणि हात धुऊनच प्रयोगशाळेबाहेर पडायचे.

पापडखाराच्या त्याच नमुन्यात ०.१ मोलर कॉस्टिक सोडा २५.०० मिलिलिटर घातला, तर १०.४० मिलिलिटर बायकार्बोनेट घेईल आणि उरलेल्या सोड्याला १४.६० मिलिलिटर आम्ल लागेल. २५.०० वजा १४.६० बरोबर १०.४०. दोन दर्शकांच्या पद्धतीने हाच आकडा आला होता, म्हणजे गुलाबी रंग योग्य थेंबावर पकडला गेला होता. समजा, इथे १०.४० च्या ऐवजी १०.८० आले असते, तर दोन दर्शकांचे पहिले वाचन ०.२० मिलिलिटरने जास्त घेतले गेले असा अर्थ निघाला असता. ०.४० चा फरक दिसतो, पण चूक त्याच्या निम्मी, कारण सूत्रातल्या दोनाने ती दुप्पट केलेली असते.